दोन उतारांच्या पत्र्याच्या छतावर 132 सोलर पॅनेल: सावलीचं अंतर आणि चालण्याच्या वाटा

हे प्रकरण एका साध्या शेडचं आहे. पूर्व-पश्चिम 30 मीटर लांबीचं आढं, त्याच्या दोन्ही बाजूंना दक्षिणेकडे आणि उत्तरेकडे उतरणारा पन्हळी पत्रा, उतार 10 अंश. आढ्यापासून वळचणीपर्यंतची लांबी पत्र्यावरून मोजली तर 9.6 मीटर भरते. पत्र्याखाली दर 1.2 मीटरवर पर्लिन, म्हणजे पत्र्याला आधार देणारी आडवी पट्टी, आहे. आढ्यावर चार टर्बो व्हेंटिलेटर बसवलेले आहेत, प्रत्येक 0.6 मीटर उंच. जागा 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. पॅनेल 550 वॅटचं, 2.278 मीटर लांब आणि 1.134 मीटर रुंद, वजन सुमारे 28 किलो. छतावर पारदर्शक पत्रे नाहीत. असते तर त्यांच्यावर पॅनेल आणि वाट दोन्ही टाळावे लागले असते, कारण पॅनेलखाली झाकलेला किंवा धुळीने मळलेला असा पत्रा ओळखू येत नाही आणि त्यावर पाय पडला की माणूस थेट खाली जातो.

आराखड्याला सुरुवात करण्याआधी एक बारीक गोष्ट तपासून घ्यावी लागते. उपग्रह छायाचित्रावरून किंवा इमारतीच्या नकाशावरून घेतलेलं माप हे आडव्या पातळीतलं असतं. या छताचा एक उतार नकाशात 9.45 मीटर दिसतो, पत्र्यावर मात्र तो 9.6 आहे. फरक 15 सेंटिमीटरचा, पण ओळी आणि वाटा जिथे सेंटिमीटरने जुळवायच्या असतात तिथे एवढ्यात गणित बिघडतं. सगळी मापं टेप पत्र्यावर टाकूनच घ्यावीत.

सावलीचा कोन छतापासून मोजायचा

ओळींमधल्या अंतराचे जे तयार तक्ते फिरतात ते सपाट स्लॅबसाठी असतात. उतरत्या छतावर ते जसेच्या तसे वापरले की एका बाजूला जागा वाया जाते आणि दुसऱ्या बाजूला सावली पडते. कारण सोपं आहे. सावली छताच्या पृष्ठभागावर पडते, आणि तो पृष्ठभागच सूर्याकडे कललेला किंवा सूर्यापासून दूर वळलेला असतो.

आधी सूर्याचा कोन काढू. सर्वांत वाईट दिवस 21-22 डिसेंबर. त्या दिवशी दुपारी या अक्षांशावर सूर्य क्षितिजापासून 47.5 अंशांवर असतो. पण फक्त दुपारचा कोन धरला तर सकाळ-संध्याकाळी ओळी एकमेकींवर सावली टाकतात. म्हणून रूढ पद्धतीप्रमाणे सकाळी 9 ते दुपारी 3 हा काळ सावलीमुक्त ठेवायचा. ही सौर वेळ आहे, म्हणजे सूर्य माथ्यावरून जातो तेव्हा 12. घड्याळाची वेळ तिच्यापेक्षा थोडी मागे-पुढे असू शकते.

सकाळी 9 वाजता सूर्याची उंची 28.9 अंश असते आणि तो दक्षिणेपासून 47.8 अंश पूर्वेकडे असतो. ओळी पूर्व-पश्चिम असल्यामुळे आपल्याला सावलीचा फक्त उत्तर-दक्षिण भाग हवा आहे. त्यासाठी सूर्याचा कोन उत्तर-दक्षिण प्रतलात आणायचा:

```
tan γ = tan(28.9°) / cos(47.8°) = 0.82
γ ≈ 39.5°
```

आता छताचा उतार हिशेबात घ्यायचा. पॅनेलची उताराच्या दिशेतली बाजू L, पॅनेलचा जमिनीशी कोन β, छताचा उतार s, आणि सावलीसाठी सोडायचं अंतर D:

```
दक्षिण उतार:  D = L × sin(β − s) / tan(γ + s)
सपाट छत:      D = L × sin(β) / tan(γ)
उत्तर उतार:   D = L × sin(β + s) / tan(γ − s)
```

पॅनेल आडवं ठेवलं (L = 1.134 मीटर) आणि तिन्ही ठिकाणी दक्षिणेकडे 15 अंश उचललं असं समजू. दक्षिण उतारावर सावली 0.08 मीटर येते, सपाट छतावर 0.36 आणि उत्तर उतारावर 0.85 मीटर. पॅनेल तेच, कोन तोच, सूर्यही तोच, तरी दोन उतारांमध्ये सावलीचा फरक दहापट. उत्तर उतारावर दोन गोष्टी एकाच वेळी विरोधात जातात. पॅनेलची वरची कड छतापासून जास्त वर उठते, कारण 15 आणि 10 मिळून कोन 25 अंशांचा होतो, आणि त्याच वेळी उन्हाची तिरीप छताशी फक्त 29.5 अंशांचा कोन करते. दक्षिण गोलार्धात हेच सगळं उलटं धरायचं.

उत्तर उतारावर पॅनेल उचलायचं की पत्र्याला समांतर ठेवायचं

दक्षिण उताराचा निर्णय लगेच होतो. पत्रा आधीच दक्षिणेकडे 10 अंश झुकलेला आहे, म्हणून पॅनेल पत्र्याला समांतर ठेवायचं. सगळ्या ओळी एकाच प्रतलात येतात, एकीची सावली दुसरीवर पडतच नाही. आणखी 5 अंश उचलून वर्षाला मिळणारी वाढ इतकी किरकोळ असते की वाऱ्याचा वाढीव ताण आणि जास्तीचं लोखंड-अॅल्युमिनियम परवडत नाही.

खरा प्रश्न उत्तर उताराचा. समांतर ठेवलं तर पॅनेल उत्तरेकडे बघतं. डिसेंबरच्या दुपारी त्याच्यावर पडणारं थेट ऊन दक्षिण उताराच्या 72 टक्क्यांच्या आसपास असतं. जूनमध्ये मात्र या अक्षांशावर दुपारचा सूर्य माथ्याच्या थोडा उत्तरेकडे जातो आणि तेव्हा उत्तर उतारालाच किंचित जास्त ऊन मिळतं. वर्षभराचा हिशेब केला तर उत्तर उतारावरचं समांतर पॅनेल दक्षिण उतारावरच्या पॅनेलपेक्षा ढोबळमानाने दहा टक्के कमी वीज देतं. अक्षांश जसा वाढेल आणि उतार जसा तीव्र होईल तशी ही तूट झपाट्याने वाढते, म्हणून हा आकडा उचलून दुसऱ्या छताला लावू नये.

आता पर्याय समोरासमोर ठेवू. आढ्याजवळ 1.2 मीटर आणि वळचणीजवळ 0.9 मीटर सोडल्यावर उतारावर 7.5 मीटर उरतात. आढ्याजवळ एवढं का सोडायचं ते पुढे येईल. पॅनेल दक्षिणेकडे 15 अंश उचललं तर प्रत्येक ओळ उतारावर 1.03 मीटर जागा घेते आणि दोन ओळींत 0.85 मीटर सावलीसाठी जातात. चार ओळी बसतात, पाचवी बसत नाही. समांतर ठेवलं तर पाच ओळी बसतात, वाटांसकट. एका ओळीत 12 पॅनेल, म्हणजे 48 विरुद्ध 60. दहा टक्के तूट धरूनही 60 पॅनेल 54 पॅनेलांइतकी वीज देतात, आणि उचललेली 48 पॅनेल तिथपर्यंत पोहोचत नाहीत.

उचललेल्या रचनेच्या बाजूने एक मुद्दा आहे. प्रत्येक पॅनेलमागे वीज जास्त मिळते. पॅनेलची संख्या मर्यादित आणि जागा मुबलक असेल तर तो वजनदार ठरतो. इथे जागा मर्यादित आहे. शिवाय पत्र्याशी 25 अंश उघडं पॅनेल वाऱ्याला पाठ देऊन उभं राहतं, आणि उत्तरेकडून आलेला वारा त्याच्या खाली शिरून त्याला वर उचलतो. ही ओढ शेवटी पर्लिनमधल्या स्क्रूवर येते. म्हणून उत्तर उतारावरही समांतर रचनाच ठरली. 10 अंशांचा उतार पावसाचं पाणी आणि धूळ वाहून जायला पुरेसा आहे.

व्हेंटिलेटरची सावली

ओळींची आपसातली सावली संपली तरी आढ्यावरचे व्हेंटिलेटर उरतातच, आणि ते उत्तर उतारावर लांब सावली टाकतात. व्हेंटिलेटरच्या मध्यावरून हिशेब केला तर डिसेंबरच्या सकाळी 9 वाजता त्याच्या टोकाची सावली आढ्यापासून उतारावर 0.94 मीटरपर्यंत येते:

```
0.6 / (tan 39.5° − tan 10°) / cos 10° ≈ 0.94 मी
```

इथे थांबणं धोक्याचं. व्हेंटिलेटरची फिरणारी टोपी मध्यापासून 0.3 मीटर बाहेर येते, आणि तिची सर्वांत रुंद कड आढ्यापासून 0.5 मीटर उंचीवर आहे. या कडेची सावली 1.17 मीटरपर्यंत पोहोचते. उत्तरेकडे आढ्याजवळ 1.2 मीटर मोकळे ठेवण्याचं कारण हे. दक्षिणेकडे अशी अडचण नाही. जूनमध्ये सकाळी 9 वाजता सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेकडे असतो खरा, पण मध्यावरून काढलेल्या सावलीचा दक्षिणेकडचा भाग तेव्हा 15 सेंटिमीटरच्याही आत राहतो. म्हणून दोन्ही उतारांवर आढ्याजवळची मोकळी पट्टी सारखी ठेवण्याची गरज नाही, आणि सारखी ठेवली तर दक्षिणेकडची एक वाट हकनाक जाते.

सावली आडवीही सरकते. सकाळी 9 ला ती व्हेंटिलेटरच्या पश्चिमेला सुमारे एक मीटर असते, दुपारी 3 ला तेवढीच पूर्वेला. त्यामुळे व्हेंटिलेटरच्या नेमकं खालचं एक पॅनेल वगळून भागत नाही. प्रत्येकी दोन-दोन पॅनेल काढावी लागतात, आणि चार व्हेंटिलेटर मिळून वरची ओळ निम्म्याहून जास्त रिकामी होते. त्यापेक्षा पूर्ण पट्टी मोकळी सोडून तिथेच मुख्य वाट करणं जास्त उपयोगाचं.

पर्लिन आणि वाट यांचा झगडा

पहिला मनात येणारा आराखडा असा असतो: पॅनेल उभं लावायचं आणि पर्लिनवरून जाणाऱ्या पूर्व-पश्चिम रेलवर क्लॅम्प करायचं. उभ्या पॅनेलला क्लॅम्प टोकापासून लांबीच्या साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्श्यात बसतात, म्हणजे 0.46 ते 0.57 मीटरवर (नेमका पट्टा पॅनेलच्या माहितीपत्रकात दिलेला असतो). दोन रेलमधलं अंतर 1.2 मीटर, ते या पट्ट्यात छान बसतं. अडचण पुढे येते. रेल पर्लिनला बांधलेली असल्यामुळे लगतच्या ओळी 1.2 मीटरच्या पटीतच सरकवता येतात, आणि 2.4 मीटरवर ठेवल्या तर दोन ओळींमध्ये फक्त 12 सेंटिमीटरची फट उरते. ती पाय ठेवायला अपुरी आहे. पाय नेमका तिथेच अडकतो आणि तोल सावरायला माणूस पॅनेलच्या काचेवर टेकतो. काच फुटत नाही, पण आतल्या सेलला केसासारख्या भेगा जातात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. पुढे तिथे सेल तापतो आणि तपासणीच्या थर्मल कॅमेऱ्यात डाग दिसतो, तोवर कारण कुणाच्या लक्षात राहिलेलं नसतं.

म्हणून इथे दोन थरांची रेल घेतली. खालची रेल पर्लिनवरून पूर्व-पश्चिम जाते. वरची रेल तिच्यावर आडवी, म्हणजे आढ्याकडून वळचणीकडे. पॅनेल आडवी ठेवून त्यांच्या लांब कडा वरच्या रेलवर क्लॅम्प करायच्या. आता ओळ उतारावर कुठेही सरकवता येते, पर्लिन आडवं येत नाही. अॅल्युमिनियम जास्त लागतं, पण पॅनेलखाली हवेला जास्त जागा मिळते. आणखी एक फायदा आडव्या ठेवणीचा आहे. पॅनेलच्या आत सेलचे तीन गट लांबीच्या दिशेने असतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र बायपास डायोड असतो, जो गटावर सावली आली की प्रवाह त्या गटाला वळसा घालून नेतो. वरच्या किंवा खालच्या कडेवर सावली अगर मळ आला तर आडव्या पॅनेलचा एकच गट, म्हणजे एकतृतीयांश भाग, बाद होतो.

खालच्या रेलचे पाय पत्र्याच्या उंचवट्यावरच बसवायचे, खोलगट पन्हळीत नाही, कारण पाणी तिथून वाहतं. स्क्रू पर्लिनमध्ये गेला पाहिजे. रबरी वॉशर कडेने किंचित फुगेपर्यंतच आवळायचा. जास्त आवळला तर तो फाटतो आणि पहिल्या पावसाळ्यात नाही, दोन-तीन वर्षांनी गळती सुरू होते.

वाटा कशा पडल्या

वाटांसाठी एकच नियम पाळला: प्रत्येक पॅनेलची एक लांब कड कुठल्या तरी वाटेला लागली पाहिजे. मग क्लॅम्प, कनेक्टर आणि काच या सगळ्यांपर्यंत शेजारच्या पॅनेलवर न टेकता हात पोहोचतो, आणि एक पॅनेल बदलायला दुसरं काढावं लागत नाही. या नियमाने एकत्र दोनच ओळी ठेवता येतात. दोन ओळींची जोडी मधल्या 2 सेंटिमीटर फटीसह 2.288 मीटर होते, आणि प्रत्येक जोडीनंतर 0.6 मीटरची वाट.

दक्षिण उतार, वळचणीपासून वर: 0.9 मीटर मोकळे, जोडी, वाट, जोडी, वाट, जोडी, आणि आढ्याजवळ 0.636 मीटर. बेरीज बरोबर 9.6. सहा ओळी, 72 पॅनेल.

उत्तर उतार, त्याच क्रमाने: 1.49 मीटर मोकळे, जोडी, वाट, जोडी, वाट, एक सुटी ओळ, आणि आढ्याजवळ 1.2 मीटर. पाच ओळी, 60 पॅनेल. इथे सहावी ओळ घुसवण्याचा मोह होतो. वळचणीचं अंतर 0.9 केलं तर सहा ओळी बसतात, पण मग वाटेला एकूण 0.636 मीटरच उरतात, म्हणजे एकच वाट. सहा ओळींपैकी निदान दोन ओळी कुठल्याच वाटेला लागत नाहीत. 12 पॅनेल जास्त बसली म्हणून पुढची वीस-पंचवीस वर्षं शेजारच्या काचेवर टेकून काम करायचं, हा सौदा चुकीचा आहे.

पूर्व-पश्चिम दिशेत एका ओळीत 6 पॅनेल, मध्ये 0.9 मीटरची उभी वाट, आणि पुन्हा 6 पॅनेल. सहा पॅनेलांची लांबी फटींसह 13.77 मीटर, म्हणून दोन्ही टोकांना 0.78 मीटर उरतात. ही मधली वाट आढ्यापासून वळचणीपर्यंत सलग जाते. तिच्यामुळे खालची रेलही दोन तुकड्यांत राहते. 13.8 मीटरची अॅल्युमिनियमची रेल तापमानात 50 अंशांचा फरक पडला की सुमारे 16 मिलिमीटर लांबते, आणि 30 मीटर सलग टाकली असती तर हा ताण पायांच्या स्क्रूंनी खाल्ला असता.

मोकळी जागा सोडली म्हणजे वाट झाली असं नाही. पत्रा पर्लिनच्या मध्ये पायाखाली दबतो, त्याची घडी मोडते. ओळींमधल्या 0.6 मीटरच्या पट्टीत 0.45 मीटर रुंदीची, खरबरीत पृष्ठभागाची जाळीची फळी बसवायची. वरची रेल या पट्टीतूनही सलग नेलेली असल्यामुळे फळीला तिचाच आधार मिळतो. फळी नसेल तर त्याच रेल पायात येतात. आढ्यावर उत्तरेच्या 1.2 मीटर पट्टीत मुख्य वाट आणि तिच्याबरोबर सुरक्षा पट्टा अडकवायची जीवनदोरी. शिडी मधल्या उभ्या वाटेच्या खालच्या टोकाशी लागेल अशी जागा ठेवायची, म्हणजे वर आल्यावर पॅनेल ओलांडायची वेळ येत नाही.

पॅनेल आणि रेल मिळून छतावर दर चौरस मीटरला साधारण 14 किलो वजन वाढतं. त्यात फळ्या आणि काम करणारी माणसं धरून ट्रस व पर्लिनची ताकद संरचना अभियंत्याकडून तपासून घेतल्याशिवाय पुढचं काहीही करायचं नाही.

स्ट्रिंगची विभागणी

वाटांनी छताचे चार तुकडे केले आहेत आणि स्ट्रिंग, म्हणजे एकामागे एक जोडलेल्या पॅनेलांच्या माळा, त्याच तुकड्यांत ठेवल्या. दक्षिणेच्या प्रत्येक अर्ध्यात 36 पॅनेल, म्हणजे 18 च्या दोन स्ट्रिंग: वरच्या तीन ओळींची एक, खालच्या तीनची एक. उत्तरेच्या प्रत्येक अर्ध्यात 30, म्हणजे 15 च्या दोन. एकही स्ट्रिंग मधली उभी वाट ओलांडत नाही. केबल वाटेच्या कडेने झाकणाच्या ट्रेमधून जाते, पायाखालून नाही. पॅनेलचं खुलं व्होल्टेज 50 च्या आसपास असल्याने 18 ची स्ट्रिंग 900 व्होल्टवर बसते. थंड पहाटे त्यात पाच-सहा टक्के वाढ होते आणि तरीही 1000 ची मर्यादा ओलांडली जात नाही.

दक्षिण आणि उत्तरेची पॅनेल एकाच स्ट्रिंगमध्ये कधीच जोडायची नाहीत. स्ट्रिंगमधला प्रवाह सर्वांत कमी ऊन मिळणाऱ्या पॅनेलवर ठरतो, म्हणजे डिसेंबरमध्ये दक्षिणेची पॅनेलही उत्तरेच्या पातळीवर उतरतील. इन्व्हर्टरला दोन्ही उतारांसाठी वेगळे एमपीपीटी, म्हणजे पॅनेलांतून जास्तीत जास्त वीज काढून घेणारे भाग, हवेत. इथे तर स्ट्रिंगची लांबीही वेगळी आहे, त्यामुळे त्या समांतर जोडणंही चालणार नाही.

आखणी आणि पडताळणी

पत्र्यावर रंगाची दोरी मारून आधी चारही तुकड्यांचे कोपरे आखायचे. दक्षिणेचा एक तुकडा 13.77 गुणिले 8.06 मीटर आहे, त्याचे दोन्ही कर्ण 15.96 मीटर भरले पाहिजेत. पत्र्याच्या घडीला समांतर आखून हे साधत नाही, कारण पत्रे बसवताना थोडे तिरके गेलेले असतात आणि 9.6 मीटर वर जाईपर्यंत तिरकेपणा 5-6 सेंटिमीटर होऊ शकतो. तेवढ्यात एक वाट अरुंद होते.

सूर्याचा हिशेब जागेवर तपासायचा असेल तर डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात सपाट जमिनीवर एक मीटरची काठी ओळंब्यात उभी करावी. सौर वेळेनुसार सकाळी 9 ला तिच्या सावलीचा उत्तरेकडचा भाग 1.2 मीटरच्या आसपास भरायला हवा. खूप फरक आला तर बहुतेक वेळा घड्याळ आणि सौर वेळ यांची गल्लत असते, किंवा उत्तर दिशा होकायंत्रावरून घेताना पत्र्याच्या लोखंडाने सुई ओढलेली असते.

प्रकल्प सुरू झाल्यावर पहिल्या हिवाळ्यात स्वच्छ दिवशी एकाच उतारावरच्या सारख्या स्ट्रिंगचे आलेख एकमेकांवर ठेवून पाहावेत. मळामुळे झालेली घट दिवसभर सारखी दिसते. सावलीची घट सकाळी किंवा दुपारनंतर ठरावीक वेळी पायरीसारखी उतरते आणि तशीच परत चढते, आणि दर आठवड्याला तिची वेळ थोडी सरकते. अशी पायरी उत्तर उतारावरच्या, सुटी ओळ असलेल्या स्ट्रिंगमध्येच दिसली तर आधी व्हेंटिलेटरची उंची पुन्हा मोजावी. जुना बदलून मोठा बसवला असेल तर 1.2 मीटरची पट्टी त्याला पुरत नाही.